मेसेज जातच नव्हते, लाल खूण यायची: नऊ महिन्यांचा अनुभव आणि मेसेज सेंटरच्या नंबरची भानगड

आधी सांगते की हा फोनचा रिव्ह्यू म्हणून लिहायला घेतला होता, पण फोनबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही, बॅटरी बरी आहे, कॅमेरा ठीकठाक. नऊ महिन्यांत मला खरा त्रास एकाच गोष्टीचा झाला, साधे एसएमएस. आणि त्यात फोनचा दोष जवळजवळ नव्हताच हे कळायला मला तीन आठवडे लागले, म्हणून सगळं नीट लिहून ठेवतेय.

मी घरी पाचवी ते आठवीचे क्लास घेते. चाळीस मुलं आहेत, त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी अजून बटणाचा फोन आहे, त्यामुळे सुट्टी, परीक्षा, फी, सगळं एसएमएसनेच कळवावं लागतं. माझं क्लासचं सिमसुद्धा आधी बटणाच्या फोनमध्येच होतं. मे महिन्यात क्लास बंद होते, तेव्हा भाचा सुट्टीला आला होता आणि तो फोन दिवसभर त्याच्याच हातात असायचा, गेम खेळायला म्हणून. जूनमध्ये मी हा नवीन अँड्रॉइड घेतला, सिम त्यात टाकलं, आणि पहिलाच मेसेज पाठवला तर Sending वर फिरत बसला, दोन-तीन मिनिटांनी लाल उद्गारचिन्ह आणि खाली Not sent. परत टॅप केलं, परत तेच.

गोंधळ असा झाला की काही जणांना मेसेज जात होते! माझ्या बहिणीला गेला, एका पालकांना गेला. मग वाटायचं की नेटवर्क कमी-जास्त होत असेल. नंतर कळलं की त्या दोघांना जात होते ते एसएमएस नव्हतेच, मेसेज अ‍ॅपमधली चॅटची सोय चालू होती (आरसीएस), ती इंटरनेटवरून जाते. समोरच्याकडे पण ती चालू असली की मेसेज डेटावरून जातो, आणि बटणाचा फोन असेल तर एसएमएसच जावा लागतो. तेव्हा पहिली गोष्ट, तपासायचं असेल तर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन आरसीएस बंद करा आणि मग पाठवून बघा, नाहीतर भलत्याच दिशेने शोधत बसाल. आयफोनवाल्यांनी आयमेसेज बंद करून बघायचं.

दुसरा गोंधळ म्हणजे येणारे मेसेज व्यवस्थित येत होते. बँकेचे ओटीपी, गॅसचे मेसेज, जाहिराती तर विचारूच नका. त्यामुळे कस्टमर केअरला फोन केला की ते म्हणायचे मॅडम तुमचं सिम चालू आहे, हँडसेट दाखवा. मोबाईलच्या दुकानात गेले तर तो म्हणाला फोन एकदम ओके आहे, सिमचा प्रॉब्लेम आहे, आणि तरी फॅक्टरी रीसेट मारून दिला, फोटोंचा बॅकअप घेतला होता म्हणून वाचले. रीसेटने काही फरक पडला नाही, आणि का पडला नाही ते पुढे येतंच.

त्यात नवीन फोनवर पैसे पाठवायचं अ‍ॅप पण चालू होईना. अ‍ॅप टाकलं की ते आपल्या नंबरची खात्री करायला आपल्याच फोनमधून गुपचूप एक एसएमएस पाठवतं, तो गेला नाही की गाडी पुढे जात नाही. मेसेज अ‍ॅपमध्ये बघितलं तर एका अनोळखी नंबरवर अगम्य अक्षरांचा मेसेज आणि त्याच्यावर तीच लाल खूण. मी तोपर्यंत बँकेला शिव्या घालत होते.

शेवटी आमच्या शेजारचे काका, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, त्यांना सहज बोलले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "येतात पण जात नाहीत ना? एकही जात नाही ना? मग सेंटरचा नंबर बघ."

त्यांनी समजावलं ते असं. आपला फोन मेसेज थेट समोरच्या फोनला देत नाही. तो देतो आपल्या कंपनीच्या मेसेज सेंटरला, तिथे मेसेज जमा होतो, सेंटर समोरच्याच्या नेटवर्कला विचारतं की हा नंबर आत्ता कुठे आहे, आणि मग पोचवतं, फोन बंद असेल तर ठेवून घेऊन परत परत प्रयत्न करतं. या सेंटरला एक नंबर असतो, साध्या मोबाईल नंबरसारखाच दिसतो, +91 ने सुरू होणारा, आणि तो आपल्या सिमकार्डात लिहिलेला असतो. मेसेज पाठवताना फोन दर वेळी तोच नंबर वापरतो. तो चुकीचा असला, रिकामा असला, तर मेसेज जमाच होत नाही. आणि आपल्याला येणारा मेसेज पाठवणाऱ्याच्या सेंटरकडून येतो, त्याला आपल्या सिममधल्या नंबरशी काही देणंघेणं नसतं, म्हणून ओटीपी मजेत येत राहतात. आता फॅक्टरी रीसेटने काही का झालं नाही ते कळलं असेल, रीसेटने फोन पुसला जातो, सिम नाही. खात्री करायला काकांनी माझं सिम त्यांच्या फोनमध्ये टाकलं, तिथेही लाल खूण. त्यांचं सिम माझ्या फोनमध्ये टाकलं, मेसेज गेला. म्हणजे दोष सिमबरोबर फिरत होता. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे, दुकानात जायच्या आधी हीच करा.

मग नंबर बघायचा कसा. अँड्रॉइडवर फोनच्या डायलरमध्ये हे टाकायचं, कॉलचं बटण दाबायची गरज नाही, शेवटचं चिन्ह टाकलं की पान आपोआप उघडतं:

```
*#*#4636#*#*
```

त्यात Phone information मध्ये जायचं (दोन सिम असतील तर वर कुठलं सिम निवडलंय ते बघा, मी आधी दुसऱ्याच सिमचं बघत बसले होते), आणि खाली खाली सरकत गेलं की SMSC असा रकाना आणि शेजारी Update, Refresh अशी दोन बटणं. आधी Refresh दाबायचं, सिममध्ये जे आहे ते दिसतं. सगळ्या फोनवर हे पान उघडत नाही, काही कंपन्यांनी बंद केलंय, काहींमध्ये मेसेज अ‍ॅपच्या सेटिंगमध्येच Message centre म्हणून सापडतं. बटणाच्या फोनमध्ये मेसेज सेटिंगमध्ये असतं. आयफोनवर `*#5005*7672#` टाकून कॉल दाबला की नंबर दिसतो.

माझ्याकडे काय दिसलं आणि काकांच्या सिमवर काय होतं ते एकाखाली एक देते, आकडे झाकून:

```
"91XXXXXXXXXX",129
"+91XXXXXXXXXX",145
```

आकडे सगळे तेच! काकांचं सिम माझ्याच कंपनीचं आणि याच सर्कलचं, म्हणून जुळवता आलं. फरक फक्त अधिक चिन्हाचा. शेवटचा 129 किंवा 145 हा नंबर कुठल्या प्रकारचा आहे ते सांगतो, 145 म्हणजे देशाच्या कोडासकट आंतरराष्ट्रीय पद्धतीचा, 129 म्हणजे प्रकार सांगितलेला नाही. अधिक चिन्ह गेलं की नेटवर्कला 91 हा भारताचा कोड आहे हे समजायला मार्ग नाही, मग सेंटर सापडतच नाही. भाच्याने बटणाच्या फोनमध्ये सेटिंग उघडून नंबर खोडला असणार आणि घाबरून परत टाकताना अधिक विसरला असणार. त्याला विचारलं तर म्हणतो मी नाही केलं, बरं.

बदलताना मी आधी नुसताच नंबर टाकून Update दाबलं तर Update error आलं. मग वरच्यासारखंच अवतरणचिन्हं, स्वल्पविराम, 145 सगळं टाकलं, घेतलं. (काही फोन नुसता +91 वाला नंबर पण घेतात म्हणे, काहींना तो वेगळ्याच आकड्या-अक्षरांत लागतो. तुमच्या फोनमध्ये Refresh ने जो साचा दिसतो त्याच साच्यात लिहा.) फोन बंद करून चालू केला, परत Refresh करून बघितलं की नवीन नंबर टिकलाय, आणि स्वतःच्याच नंबरवर मेसेज पाठवला. गेला आणि आला पण, तीन सेकंदात. तीन आठवडे!!

एक महत्त्वाचं, नेटवर याद्या फिरतात कुठल्या कंपनीचा सेंटर नंबर काय त्याच्या, त्यातला उचलून टाकू नका, जुन्या असतात. तीच कंपनी, तेच सर्कल अशा चालू सिमवरून बघून घ्या, नाहीतर केअरला विचारा. मुंबई आणि महाराष्ट्र-गोवा ही दोन वेगळी सर्कल आहेत, पुण्यातल्याने ठाण्याच्या मावशीच्या सिमवरचा घेऊ नये. आणि हे सगळं जमत नसेल तर नवीन सिम घ्या, त्यात नंबर बरोबरच भरून येतो, फक्त सिम बदलल्यावर 24 तास एसएमएस बंद असतात, सुरक्षेचा नियम आहे तो, तेव्हा त्या दिवशी लाल खूण दिसली म्हणून परत सेंटरचा नंबर खोदायला जाऊ नका.

कारण मी नेमकं तेच केलं, वेगळ्या निमित्ताने. ऑक्टोबरात सहामाहीचं वेळापत्रक पाठवलं आणि परत लाल खुणा. पोटात गोळाच आला, 4636 उघडलं, नंबर बरोबर. मग नीट बघितलं तर पहिल्या तेहतीस पालकांना गेले होते आणि पुढचे सगळे अडकले होते. हे सेंटरचं दुखणं नव्हे, तो नंबर बिघडला तर पहिलाच जात नाही. हिशोब केला तेव्हा उजेड पडला. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये 160 अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त 70, आणि मोठा मेसेज तुकड्यांत गेला तर दर तुकड्याला 67. शिवाय काना, मात्रा, पाय मोडायची खूण, सगळं वेगळं मोजलं जातं, "क्लास" म्हणजे पाच, "सुट्टी" म्हणजे सहा. माझा मेसेज 180 च्या आसपास होता, म्हणजे तीन एसएमएस. रिचार्जमध्ये दिवसाला 100. तेहतीस त्रिक नव्व्याण्णव! चौतिसाव्याला संपले, आणि वर खात्यात टॉकटाइम शून्य होता म्हणून पैसे कापून पण जाईनात. दुसऱ्या दिवशी सकाळी टॅप केलं तर उरलेले सात सरळ गेले. आता मी मेसेज 70 च्या आत बसवते, "उद्या क्लासला सुट्टी" एवढंच, नमस्कार वगैरे सगळं कापलं. एका आजोबांनी विचारलं पण, बाई रागावल्यात का.

सेंटरचा नंबर तेव्हापासून हललेला नाही, मध्ये दोनदा फोनचं सॉफ्टवेअर अपडेट झालं तरी. तो मी कागदावर लिहून फोनच्या कव्हरमागे ठेवलाय, अधिक चिन्हाला गोल करून. आणि सेटिंगमध्ये डिलिव्हरी रिपोर्ट चालू केलाय, कारण नुसतं Sent दिसलं तर मेसेज सेंटरपर्यंत पोचला एवढंच कळतं, घरी पोचला की नाही ते नाही. एका मुलीच्या वडिलांचा रिपोर्ट नेहमी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येतो, ते रानातून आले की फोन चार्जिंगला लावतात तेव्हा. त्यामुळे तिला मी वर्गातच तोंडी सांगून ठेवते.