बोरिक ॲसिड, साखर आणि चिकट कार्डं : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांपूर्वी रात्री पाणी प्यायला उठले, दिवा लावला आणि ओट्यावरून सात-आठ झुरळं एकदम पसार झाली. त्याआधी दोन वर्षं मी स्प्रे मारत होते. मारला की दोन-चार दिवस शांतता आणि मग पुन्हा तेच. शिवाय घरी लहान भाची येत असल्यामुळे प्रत्येक वेळी भांडी काढा, ओटा धुवा, खिडक्या उघडा हा सोहळा. शेवटी स्प्रे बंद केला आणि बोरिक ॲसिडच्या पावडरीवर आले. स्वस्त आहे, वास नाही, कोरडी राहिली तर महिनोन्‌महिने टिकते. पण पहिल्या दीड महिन्यात मी ती इतकी चुकीची वापरली, की सोडूनच देणार होते. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी मुंग्यांचं. खिडकीच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातून बारीक काळ्या मुंग्यांची रांग निघायची आणि टाइल्सच्या सांध्यासांध्याने साखरेच्या डब्यापर्यंत यायची. मी अर्धा कप पाण्यात दोन चमचे साखर आणि दोन चमचे बोरिक ॲसिड घातलं, सगळं विरघळलं नाही तरी तसंच ढवळून थेंब ठेवले. सकाळी थेंबाभोवती मेलेल्या मुंग्यांचं कडं. मला वाटलं, जिंकलो! तिसऱ्या दिवशी रांग दुसऱ्या फटीतून सुरू.

चूक प्रमाणात होती. आपल्याला जी रांग दिसते ती वारुळातल्या कामकरी मुंग्यांचा लहानसा भाग असतो. राणी आणि अळ्या आत असतात, त्या बाहेर येतच नाहीत. बाहेरची मुंगी पोटात गोड पाणी भरून घेते आणि आत जाऊन तोंडातोंडी इतरांना देते. विष कडक असलं तर ती वाटेतच मरते आणि आत काहीच पोहोचत नाही. विष इतकं सौम्य हवं, की ती मुंगी दिवसभर फेऱ्या मारू शकली पाहिजे.

आता माझं ठरलेलं प्रमाण असं : २०० मिली गरम पाणी, २० ग्रॅम साखर, २ ग्रॅम बोरिक ॲसिड. म्हणजे बोरिक ॲसिड साधारण एक टक्का. दोन ग्रॅम म्हणजे सपाट अर्ध्या चहाच्या चमच्याच्या आसपास, पण छोटा वजनकाटा असेल तर मोजूनच घ्या, कारण इथे अंदाज नेहमी जास्तीकडेच जातो. पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं, गार करायचं आणि खायचा निळा रंग दोन थेंब घालायचा. रंग मुंग्यांसाठी नाही, आपल्यासाठी आहे. बिनरंगी गोड पाणी स्वयंपाकघरात कुणीही साधं सरबत समजेल.

बाटलीच्या झाकणात कापसाचा बोळा ठेवून त्यावर हे पाणी ओतलं आणि झाकण रांगेच्या शेजारी ठेवलं. तासाभरात बोळ्याभोवती मुंग्या अशा चिकटून बसल्या, की झाकणाची कड दिसेना. जवळून पाहिलं तर पोटं फुगून पारदर्शक झालेली, आणि आत निळसर छटा दिसत होती! आई म्हणाली, "अगं, तू घालवायला निघालीस की जेवायला घालायला?" पहिल्या दिवशी गर्दी वाढते, आणि ती वाढायलाच हवी. इथेच बहुतेक जण घाबरून सगळं पुसून टाकतात. झाकण ठेवलेलं असेपर्यंत ती रांग साबणाने पुसू नका, कारण मुंग्या वासाच्या रेषेवरून येतात आणि ती रेषा गेली तर बोळ्यापर्यंत त्या पोहोचणार नाहीत. शेजारी स्प्रेही मारू नका. काही जातींच्या मुंग्या त्रास झाला, की वारूळ फोडून दोन-तीन ठिकाणी पांगतात.

तिसऱ्या दिवशी रांग विरळ झाली, सहाव्या दिवशी बंद. मग मात्र साबणाच्या पाण्याने सगळा मार्ग पुसला आणि चौकटीची फट सिलिकॉनने बुजवली. या क्रमाला महत्त्व आहे : आधी खाऊ घालणं, मग पुसणं, मग बुजवणं. फट आधी बुजवली, तर त्या नवीन वाट काढतात आणि आपल्याला पुन्हा शोधत बसावं लागतं.

चौथ्या महिन्यात एकदा दुसऱ्या मुंग्या आल्या आणि त्यांनी गोड पाण्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अशा वेळी एका कागदावर एकीकडे साखरेच्या पाण्याचा थेंब आणि दुसरीकडे तेलाचा थेंब ठेवून अर्धा तास थांबायचं. माझ्याकडच्या सगळ्या तेलावर गेल्या. वारुळात अळ्या जास्त असतात तेव्हा स्निग्ध आणि प्रथिनांच्या खाण्याला मागणी वाढते. बोरिक ॲसिड तेलात विरघळत नाही, म्हणून ते शेंगदाण्याच्या गुळगुळीत पेस्टमध्ये त्याच एक टक्क्याच्या हिशेबाने अगदी नीट घोटून ठेवलं. यावेळी दहा दिवस लागले.

झुरळांची गोष्ट वेगळी आहे. आमच्याकडची झुरळं लहान, फिकट तपकिरी, बोटाच्या पेराहून आखूड, डोक्यामागे दोन गडद उभ्या रेघा. ही जात घरातच राहते आणि वाढते. मोठी, लालसर, चारेक सेंटिमीटरची झुरळं बहुतेक वेळा ड्रेनेजमधून येतात. त्यांच्यासाठी जाळीचं झाकण आणि पाइपभोवतीची भोकं बुजवणं जास्त कामाचं, पावडर नंतर.

पहिल्यांदा मी सिंकखालच्या कपाटात चमचाभर पावडरीचे ढीग ठेवले होते. आठवडाभराने टॉर्च मारून पाहिलं, तर ढिगाभोवतीच्या धुळीत पायांच्या बारीक खुणा होत्या आणि त्या ढिगाला वळसा घालून गेल्या होत्या. झुरळ ढिगातून जात नाही. पावडर इतकी पातळ हवी, की जेमतेम दिसावी. मग ती त्याच्या पायांना आणि मिशांना लागते आणि झुरळ स्वतःला चाटून साफ करताना ती पोटात जाते. मी आता कोरड्या रंगाच्या ब्रशवर चिमूटभर घेते आणि फटीवर ब्रश टिचकीने झटकते. नाकाला मास्क लावून.

कुठे मारायची हे मला चिकट कार्डांनी शिकवलं. सहा कार्डं घेतली, त्यांवर तारीख घातली आणि दर आठवड्याला मोजत गेले. पहिल्या आठवड्यात एकूण ६४. त्यांपैकी ३३ फ्रिजमागच्या कार्डावर, २२ सिंकखाली. कपाटाच्या वरच्या फळीवर, जिथे मी सगळ्यात जास्त स्प्रे मारत असे, तिथे एक. फ्रिज पुढे ओढून मागची जाळी काढली, तर मोटरच्या कप्प्यात मिरपुडीसारखी विष्ठा आणि अंड्यांच्या कोषांची रिकामी टरफलं. ऊब, अंधार आणि खाली साचणारं पाणी, सगळं एका जागी. प्लग काढून ते साबणाच्या पाण्याने पुसलं, कारण त्या विष्ठेच्या वासानेच बाकीची झुरळं तिथे गोळा होतात. पूर्ण वाळल्यावर कडेच्या फटींत पावडर झटकली, मोटर आणि तारांपासून लांब. सिंकखाली पाइपचा सांधा ठिबकत होता आणि त्याखालच्या पावडरीचा पापडासारखा थर झाला होता. ओली होऊन घट्ट झालेली पावडर अंगाला लागत नाही, निरुपयोगी होते. वॉशर बदलला, मग नव्याने मारली. रात्री सिंक आणि ओटा कोरड्या फडक्याने पुसायची सवयही तेव्हाच लागली. ही झुरळं अन्नाशिवाय कितीतरी आठवडे काढतात, पाण्याशिवाय मात्र फार तग धरत नाहीत.

सोबत गोळ्या : दोन चमचे पीठ, एक चमचा साखर, एक चमचा बोरिक ॲसिड, थोडं तेल आणि मळण्यापुरतं पाणी. इथे मुंग्यांसारखं सौम्य प्रमाण चालत नाही. वाटाण्याएवढ्या गोळ्या झाकणांत घालून बिजागरीजवळ आणि फ्रिजमागे ठेवल्या. दर पंधरा दिवसांनी बदलते, दगडासारख्या कडक झाल्या की झुरळं त्या खात नाहीत.

आता आकडे. दुसऱ्या आठवड्यात ५८, तिसऱ्यात ३७, पाचव्यात १९. दिवसाढवळ्या सुस्त झुरळं दिसू लागली, हे औषध लागल्याचं लक्षण. आणि सहाव्या आठवड्यात आकडा एकदम ३१! मी हताश झाले. पण कार्ड उन्हात धरून पाहिलं, तर ३१ पैकी २६ तिळाएवढी पिल्लं होती. मादी तिचा अंड्यांचा कोष पिल्लं निघायच्या बेतापर्यंत शेपटाकडे धरून हिंडते, एकात तीस-चाळीस पिल्लं असतात आणि आतल्या अंड्यांवर या पावडरीचा काही परिणाम होत नाही. म्हणजे आधीच तयार असलेली अंडी फुटली होती. नुसता आकडा मोजू नका, आकारही बघा. मोठी कमी होऊन पिल्लं वाढली, तर गोळ्या चालू ठेवा. दहाव्या आठवड्यात एकूण ४ आणि चौथ्या महिन्यापासून शून्य किंवा एक.

तक्रारही सांगते. हे हळू चालतं. उद्या पाहुणे आहेत म्हणून आज लावलं, असं होत नाही. इमारतीतल्या सामाईक पाइपांतून झुरळं येत राहिली, तर एकट्याच्या घरातली पावडर पुरत नाही. पाइप भिंतीत शिरतो ते भोक मला स्टीलच्या काथ्याने आणि सिमेंटने बुजवावं लागलं. तमालपत्र, लवंग, कापूर मी सगळं करून पाहिलं होतं. कार्डांवरचा आकडा त्याने हलला नाही.

आणि बोरिक ॲसिड सौम्य असलं तरी विषच आहे. पोटात गेलं तर अपाय होतो, लहान मुलांना जास्त. म्हणून ओट्यावर, भांड्यांच्या फळीवर किंवा अन्नाजवळ कधीही नाही. गोळ्या आणि झाकणं मूल किंवा पाळीव प्राणी पोहोचणार नाही अशाच जागी. चमचा, वाटी, ब्रश वेगळे आणि त्यांवर लाल पट्टी. पाकीट मूळ वेष्टणातच, कुलपात. कुणाच्या पोटात गेलंच, तर पाकीट घेऊन लगेच डॉक्टरांकडे. भाची येते त्या दिवशी मी मुंग्यांची झाकणं उचलून ठेवते, मग दोन दिवस उशीर झाला तरी चालेल.

सध्या सिंकखाली आणि फ्रिजमागे अशी दोनच कार्डं आहेत. ती महिन्यातून एकदा बघते. गेल्या महिन्यात फ्रिजमागच्या कार्डावर एक मोठी मादी सापडली, अंड्यांच्या कोषासकट, म्हणून तिथे दोन नव्या गोळ्या ठेवल्या आहेत आणि पुढचे दोन महिने ते कार्ड दर आठवड्याला बघणार आहे.