नवीन चहा: टीव्हीवर महागडी जाहिरात की पहिल्या पाकिटावर सूट?

चहा प्यायल्याशिवाय कसा आहे ते कळत नाही, मग नवीन कंपनीने भरवसा द्यायचा कसा? समजा दोन्ही मार्गांना खर्च ५० लाखच येतो आणि १ लाख लोक ट्राय करतात. चांगल्या चहावर पाकिटामागे २० रुपये नफा सुटतो पण लोक वर्षभरात १० वेळा घेतात, म्हणजे २ कोटी. भिकार चहावर ३० सुटतात पण लोक परत फिरकतच नाहीत, म्हणजे फक्त ३० लाख, आणि ५० लाखांची जाहिरात केली तर तो चहावाला २० लाखांनी बुडाला, म्हणजे एवढी जाहिरात चांगल्या चहावाल्यालाच परवडते. म्हणून जाहिरातीत चहाबद्दल काहीच सांगितलं नसलं, नुसता मोठा हिरो नाचला, तरी एवढा पैसा ओतलाय हेच भरवसा द्यायचं काम करतं.

सूट दिली तरी हिशोब तोच, पाकिटामागे ५० रुपये, पण गिऱ्हाईकाला फक्त स्वस्त पाकीट दिसतं आणि ते सूट म्हणून स्वस्त की मालच हलका म्हणून, हे कळत नाही. त्यामुळे माझं मत जाहिरातीला.

पण हे परत परत घेण्याच्या वस्तूंपुरतंच हां. फ्लॅट, कोचिंग क्लास असं एकदाच घेतो तिथे फसवणाऱ्यालाही जाहिरात परवडते, तिथे आधीच्या गिऱ्हाईकांनाच विचारा.