पेजवरून माणसे काढली, एजन्सी मात्र राहिली

पुण्यात माझे साड्यांचे छोटे दुकान आहे. त्याचे फेसबुक पेज तीन वर्षे एक जाहिरात एजन्सी सांभाळत होती. पेजवर मला पूर्ण नियंत्रण, म्हणजे Full control, दिलेले होते आणि "पेज तुमच्याच नावावर आहे, मॅडम" असे ते मला वारंवार सांगत, म्हणून मी कधी खोलात गेले नाही. काम असमाधानकारक वाटल्यावर मी फोन करून करार संपवला आणि त्याच संध्याकाळी Page access मध्ये जाऊन त्यांच्या दोन्ही माणसांची नावे काढून टाकली.

तीन दिवसांनी माझेच नाव त्या यादीतून नाहीसे झाले. पेज परत हवे असल्यास "हस्तांतरण शुल्क" म्हणून पंचवीस हजार रुपये द्यावेत, असा त्यांचा निरोप आला.

पेज त्यांनी आपल्या बिझनेस पोर्टफोलिओत, म्हणजे व्यवसायाची पेजेस आणि जाहिरात खाती एकत्र ठेवणाऱ्या फेसबुकवरील खात्यात, मालकीहक्काने जोडलेले होते, हे मला तेव्हा कळले. एका पेजची मालकी एका वेळी एकाच पोर्टफोलिओकडे असते. त्यामुळे मी माणसे काढली तरी पोर्टफोलिओचा हक्क अबाधित राहिला आणि त्याच्या जोरावर त्यांनी स्वतःला परत आत घेऊन मला बाहेर काढले. ही गोष्ट आधी तपासणे सोपे होते. business.facebook.com वर स्वतःचा पोर्टफोलिओ उघडून त्यात पेज जोडू पाहिले असते, तर ते आधीच दुसऱ्याच्या मालकीचे असल्याचे दिसले असते आणि मला फक्त प्रवेशाची विनंती करता आली असती.

पेज ग्राहकासाठी तयार केल्याचा स्पष्ट उल्लेख असलेले त्यांचे जुने बिल सुदैवाने माझ्याकडे होते. त्याच्या आधारे वकिलाची नोटीस गेल्यावर त्यांनी मला पूर्ण नियंत्रण परत दिले, पेज आपल्या पोर्टफोलिओतून काढले आणि मी ते माझ्या पोर्टफोलिओत घेतले. जाहिरात खाते मात्र गेले ते गेलेच, कारण पोर्टफोलिओत एकदा घेतलेले जाहिरात खाते त्यातून बाहेर काढता येत नाही. माझे कार्ड त्या खात्याला जोडलेले होते, म्हणून मी बँकेला सांगून ते बंद करवले.

आता वाटते की माझा क्रमच उलटा होता. आधी स्वतःचा पोर्टफोलिओ तयार करून त्यात घरातल्या दोन विश्वासू व्यक्तींना प्रशासक करायला हवे होते आणि दोघांच्याही खात्यांना दोन टप्प्यांची पडताळणी लावायला हवी होती. त्यानंतर संबंध गोडीचे असतानाच, "हिशेबासाठी हवे आहे" असे म्हणून का होईना, पेजची मालकी आपल्याकडे घ्यायची होती. एजन्सीला माझ्या पोर्टफोलिओच्या Partners विभागातून केवळ कामापुरता प्रवेश दिला असता, तर तो एका क्लिकमध्ये काढता आला असता. करार संपल्याचा फोन त्यानंतरच करायचा होता.

नव्या एजन्सीने पहिल्याच भेटीत पूर्ण नियंत्रण मागितले. मी त्यांना फक्त पोस्ट करण्याचा आणि जाहिरातींचा प्रवेश दिला आहे, आणि त्यांचे काम त्यावर व्यवस्थित चालले आहे.