नवरा-बायको मिळून एकच माणूस? फ्रीलान्स साइटचा वापरानंतरचा अनुभव

साइटचे नाव लिहीत नाही. परदेशी आहे, मोठी आहे, आणि सबटायटल व ट्रान्सक्रिप्शनचे माझे बहुतेक काम अजूनही तिथूनच येते. कमिशन कापते ते सोडले तर व्यवहार चोख आहे. मात्र एकाच घरातले दोघे तिथे काम करणार असतील, तर पहिले पैसे काढायच्या आधी हे वाचा.

आम्ही दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहतो. आमचे हे हाताने काढलेले लोगो कॉम्प्युटरवर वेक्टरमध्ये करून देतात, मी मराठी-हिंदी व्हिडिओंचे सबटायटल करते. लॅपटॉप एक, नेट ह्यांच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, आणि बँक खाते दोघांचे जॉइंट. ह्यांचे प्रोफाइल आधीचे, माझे नंतरचे. काही महिने सुरळीत गेले. मग एक दिवस लॉगिन केल्यावर लाल पट्टी दिसली: तुमचे खाते दुसऱ्या खात्याशी जोडलेले आढळले आहे. नवीन कामावर बोली लावता येईना, पैसे काढायचे बटण बंद. चालू काम मात्र पूर्ण करता येत होते आणि क्लायंटला मेसेजही जात होते. हा फरक आधी बघून घ्यावा. बोली आणि पैसे तेवढे अडले असतील तर ती तपासणी असते. क्लायंटशी बोलणेही बंद झाले असेल तर खाते निलंबित झालेले असते आणि त्याचा रस्ता लांबचा आहे.

पहिल्यांदा मी लिहिले की आमच्या घरी लॅपटॉप एकच आहे, दोघे वापरतो. उत्तरात नियमाचा तोच परिच्छेद परत आला: एका माणसाला एकच खाते. त्यांच्या बाजूने पाहिले तर बरोबरच आहे. बंद झालेले लोक नवे खाते काढून परत येतात, तेही नेमके हेच सांगतात की दुसरे खाते भावाचे आहे, बायकोचे आहे. लॅपटॉप एकच आहे हे त्यांना आधीच दिसत होते. माणसे दोन आहेत याचा पुरावा त्यांना हवा होता.

नंतर सपोर्टने जे प्रश्न विचारले, त्यावरून कशाला किती वजन आहे ते कळत गेले. नेटचा आयपी पत्ता त्यांनी विचारलाच नाही. मोबाइल नेटवर एकाच सार्वजनिक आयपीमागे कंपनीचे कितीतरी ग्राहक असतात, त्यामुळे तेवढ्यावरून कोणाला पकडता येत नाही. घरच्या पत्त्याचेही तसेच. शहरात फ्लॅट नंबर असतो, आमच्याकडे मु. पो. गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड, झाला पत्ता. त्या हिशेबाने अर्धे गाव आमचे डुप्लिकेट निघेल. लॅपटॉपला वजन होते, पण खरे घोडे अडले होते बँक खात्यावर.

ते असे. पैसे काढायचे खाते जोडताना साइटचा पेमेंटवाला त्यात एक रुपया टाकून बघतो आणि खातेदाराचे नाव बँकेकडून मागवतो. जॉइंट खात्यात आमच्याकडून नाव गेले ते पहिल्या खातेदाराचे, म्हणजे ह्यांचे. माझे पासबुकवर दुसरे. म्हणजे त्यांना दिसले काय, तर प्रोफाइल माझे, पैसे जाणार ह्यांच्या नावावर, आणि तोच खाते क्रमांक ह्यांच्या प्रोफाइलवर आधीपासून जोडलेला. त्यात आपली नावाची पद्धत. समजा नवरा प्रकाश देवराव राऊत आणि बायको सुनीता प्रकाश राऊत. बायकोच्या नावात नवऱ्याचे नाव-आडनाव पूर्णच्या पूर्ण बसते. आपल्याला हे दोन माणसे वाटतात. अक्षरे जुळवणाऱ्या यंत्राला तेच नाव वाटू शकते. सपोर्टला मी हे चार ओळींत समजावून लिहिले, की मधले नाव लग्नाआधी वडिलांचे आणि नंतर नवऱ्याचे असते. त्यानंतर पहिल्यांदा एखाद्या माणसाने लिहिलेले वाटावे असे उत्तर आले.

मग एकटीच्या नावाचे बचत खाते काढायला बँकेत गेले, तर तिथे वेगळाच घोळ. पॅन माहेरच्या नावावर, आधार सासरच्या नावावर, आणि जुन्या पासबुकवर नावाआधी ‘सौ.’. साइटवर एक स्पेलिंग, बँकेत दुसरे, असे झाले की एक रुपयाची तपासणी परत फसते. आधी पॅनमधले नाव आधारप्रमाणे करून घेतले. सेतू केंद्रवाल्याने त्याचे शंभरावर रुपये घेतले. आधारला हात लावला नाही, कारण त्यातले नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. नवे खाते काढताना बँकेच्या बाईंना सांगितले की ‘सौ.’ नको, आधारवर आहे तेच आणि तसेच नाव टाका. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ ह्या कागदांनीच खाल्ला.

मधल्या काळात शेजारच्या पोट्ट्याने दोन सल्ले दिले. एक, व्हीपीएन लाव. दोन, नव्या ईमेलवर नवे खाते काढ. दोन्ही ऐकले नाहीत, ते बरे झाले. व्हीपीएनने गाव बदलते, लॅपटॉप बदलत नाही. स्क्रीन, फॉन्ट, ग्राफिक्स यांवरून तो ओळखू येतोच, वर लपवाछपवी केल्यासारखे दिसते. आणि तपासणी चालू असताना दुसरे खाते काढले, तर ते खरोखरच डुप्लिकेट. मग कोणते तोंड घेऊन अपील करायचे? लॅपटॉपवर दोघांचे वेगळे विंडोज युजर केले, ते एवढ्यासाठी की चुकून एकाच्या लॉगिनमधून दुसऱ्याचे काम जाऊ नये. त्याने यंत्र वेगळे दिसत नाही, आणि सपोर्टलाही मी तसेच सांगितले.

दुसरे अपील दोघांनी आपापल्या खात्यातून केले. दोघांनी एकमेकांचे युजरनेम लिहिले, नाते सांगितले, आपापले फोटो ओळखपत्र जोडले, आणि माझ्या नव्या पासबुकाचे पहिले पान. मग व्हिडिओ कॉल. गावात रेंज टिकत नाही म्हणून मी दारव्ह्याला नणंदेकडे जाऊन बसले. ओळखपत्र चेहऱ्याजवळ धरायला लावले, शेवटच्या प्रोजेक्टमध्ये काय केले ते विचारले, आणि नवरा तुमच्या खात्यातून क्लायंटला उत्तरे देतो का, हे दोनदा फिरवून विचारले. माझे इंग्रजी जेमतेम, पण फाइल फ्रेमनुसार कशी जुळवते ते सांगायला तेवढे पुरले. ह्यांचा कॉल वेगळा झाला.

खाते मोकळे झाले, अडकलेले पैसे नव्या खात्यात आले, रेटिंग आहे तसे राहिले. नेहमीचा एक क्लायंट मात्र तेवढ्यात दुसरीकडे गेला, त्याची भरपाई कोणी देत नाही. साइटने लेखी अटी घातल्या: एकाच प्रोजेक्टवर दोघांनी बोली लावायची नाही, एकमेकांना काम किंवा रेटिंग द्यायचे नाही, बँक खाते पुन्हा एक करायचे नाही. लॅपटॉप एकच ठेवायला हरकत घेतली नाही.

माझी तक्रार एकच उरली आहे. घरातले दुसरे माणूस इथे काम करते हे आधीच नोंदवायला साइटवर जागा नाही. लाल पट्टी आली की मगच सांगता येते. सपोर्टने सुचवले की दोघे मिळून टीम खाते काढा, एकजण मालक, दुसरा सदस्य. पण त्यात क्लायंटचे सगळे पैसे मालकाच्या खात्यात येतात आणि उत्पन्नही त्याच्याच पॅनवर दिसते. हे म्हणाले, मालक तू हो. मी म्हटले, नको बाप्पा, मग तुमच्या लोगोच्या कमाईचा हिशेब आयकरवाल्यांना मी देत बसू का? दोन खातीच ठेवली आहेत.