आठ महिन्यांनंतर डिजिटल काटा : तक्रार एका मिनिटाची

सियागंजमधून घेतलेल्या, ५०० ग्रॅमपर्यंतच्या आणि ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या या काट्याविषयी पहिल्या आठवड्यात मी चांगले लिहिले होते; ते आता अर्धे मागे घेतो. जुन्या पितळी मूर्तींची घनता काढणे हा माझा निवृत्तीनंतरचा नाद आहे आणि काटा त्यासाठीच घेतला.

त्याला खालून हूक नसल्याने पाण्यात टांगलेल्या वस्तूचे वजन थेट करता येत नाही; पण वस्तूचे वजन पाण्यात जितके घटते, तितकाच भार पाण्याच्या भांड्यावर वाढतो. म्हणून भांडे काट्यावर ठेवून शून्य करायचे आणि बारीक दोऱ्याने वरून टांगलेली मूर्ती, तळाला व कडांना टेकू न देता, पूर्ण बुडवायची. हवेतल्या वजनाला या आकड्याने भागले आणि ३० अंशांच्या पाण्याच्या घनतेने, म्हणजे ०.९९६ने, गुणले की काम झाले.

माझ्या बाळकृष्णाचे हवेतले वजन १८६.४० ग्रॅम, पाण्यातला आकडा २२.९० आणि घनता ८.१ आली. पितळ साधारण ८.४ ते ८.७ असते, तेव्हा मूर्ती विकणाऱ्याशी मी भांडून आलो. चूक माझी होती. बैठकीखालच्या खोलगट भागात हवा अडकली होती, आणि एक घनसेंटिमीटर बुडबुडा म्हणजे आकड्यात सरळ एक ग्रॅमची भर. मूर्ती साबणाच्या पाण्यातून काढून तिरकी बुडवल्यावर आकडा २१.९० झाला आणि घनता ८.४८. (आत बंद पोकळी असती, तर कितीही तिरकी धरून उपयोग नव्हता.)

आता मुख्य तक्रार. बुडबुडे सुटेपर्यंत वाट पाहावी, तर हा काटा मिनिटभरात आपोआप बंद होतो, आणि मूर्ती पाण्यात असताना पुन्हा चालू केला की विस्थापित पाण्यासकट शून्य धरतो. मग मूर्ती वर काढून पहिल्यापासून सुरुवात. दुकानदाराला हे सांगितले, तर तो म्हणाला, ‘‘काका, पुरणाची डाळ मोजायला एक मिनिट पुरतो.’’ पेन्सिल सेल वाचतात हे कबूल आहे, पण ती बचत मला नको होती. आता मूर्ती बादलीत आधीच भिजवून बुडबुडे काढतो आणि वरचे पाणी झटकून ओलसरच भांड्यात सोडतो. पहिल्या दहा सेकंदांत आकडा स्थिरावतो.

दागिन्यांसाठी मात्र हा काटा घेऊ नये. ४.२० ग्रॅमच्या जोडव्याने ०.४० आकडा दिला, म्हणजे घनता सुमारे १०.५, पण शेवटचा अंक एकाने हलला, तरी ती १०.२ किंवा १०.७ होते. शुद्ध चांदी १०.४९ आणि ९२.५ टक्क्यांची सुमारे १०.४, त्यामुळे निवाडा होत नाही. तशी दहा जोडवी एका दोऱ्यात ओवून बुडवली, तर चूक दहापट घटते. पण दहा जोडवी आणायची कुठून, म्हणून सराफ्यातच जातो.