मेंटेनन्सचा तपशील मागितला: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

सीताबर्डीतल्या एका कॉम्प्लेक्समधलं भाड्याचं दुकान. सुपर बिल्टअप ४८० फूट, मेंटेनन्स फुटाला १४ रुपये. म्हणजे महिन्याला ६,७२०, वर १८ टक्के जीएसटी. बिलावर मात्र एकच ओळ: ‘कॉमन मेंटेनन्स’. तपशील लेखी मागून आठ महिने झाले.

आधी करारातलं कलम वाचा. ठरावीक दर लिहिलेला असेल तर तपशील मागून फारसं हाती लागत नाही. इथे ‘प्रत्यक्ष खर्चाच्या प्रमाणात’ असं होतं, म्हणून मागणी टिकली. पत्र पोस्टाने, पोचपावतीसह पाठवलं. महिनावार खर्च, बिलांच्या प्रती आणि खर्चाला कोणत्या क्षेत्रफळाने भागलं, एवढंच मागितलं. तिसरा मुद्दा बहुतेक जण विसरतात, आणि गोम तिथेच असते.

दीड महिन्यानं कागद आले. महिन्याचा खर्च २,५२,०००. कॉम्प्लेक्सचं क्षेत्र २४,००० फूट, पण भागाकार १८,०००ने केलेला, कारण ६,००० फुटांची दुकानं रिकामी. म्हणजे रिकाम्या दुकानांची झाडलोट, वॉचमन, लिफ्टची देखभाल चालू दुकानांच्या माथी. २४,०००ने भागलं तर दर १०.५० येतो आणि या दुकानाचा हिस्सा ५,०४०. महिन्याला १,६८० जास्त, जीएसटी धरून १,९८२.४०. रिकाम्या गाळ्यांचा वाटा मालकाचा, भाडेकरूंचा नाही. मात्र करारात ‘भाड्याने दिलेल्या क्षेत्रावर’ असे शब्द असतील तर हा मुद्दा पडतो.

विजेचं बिल वेगळं तपासावं लागलं. नागपूरच्या उन्हाळ्यात पॅसेजमधले कूलर दिवसभर चालतात, तेव्हा मे महिन्याचा आकडा फुगणारच. पण डिसेंबरात कूलर बंद असूनही युनिट जवळपास तेवढेच. मग रात्री दुकानं बंद झाल्यावर वॉचमनला सांगून पॅसेजचे दिवे, पंप, लिफ्ट बंद करून घेतले आणि कॉमन मीटरसमोर उभं राहून पाहिलं. मीटरवरचा लाल ठिपका भराभर लुकलुकत होता. गच्चीवरच्या जाहिरात फलकाचे दिवे त्याच मीटरवर जोडलेले निघाले. फलकाचं भाडं मालकाला, वीज सगळ्यांच्या खिशातून.

पैसे रोखू नका, थकबाकीदार ठरवायला तेवढं निमित्त पुरतं. भाडं आणि मेंटेनन्स वेगवेगळं भरा, आणि मेंटेनन्ससोबत ‘हक्क राखून, हरकतीसह भरणा’ असं लेखी द्या. दिवे-लिफ्ट बंद करण्याची धमकी आली तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९चं कलम २९ भाडेकरूच्या बाजूने आहे. पण १ कोटी किंवा जास्त भरणा भांडवलाच्या कंपनीला तो कायदा लागू नाही.

आजची स्थिती: सातव्या महिन्यापासून दर १०.५० झाला, मागच्या फरकापोटी क्रेडिट नोट आली. फलकाला सबमीटर अजून बसलेला नाही, त्याचं दुसरं स्मरणपत्र गेलंय.