साधा रोखा की महागाईशी जोडलेला रोखा? फिशर परिणामाच्या नजरेतून

दोन रोखे समोर आहेत. दोन्ही एकाच सरकारचे, दोन्हींची मुदत 10 वर्षे. पहिला दरसाल 7.1 टक्के देतो, महागाई काहीही होवो. दुसरा फक्त 2 टक्के देतो, पण त्याचं मुद्दल किंमत निर्देशांकाबरोबर वाढत जातं. पहिल्या नजरेला 7.1 मोठं दिसतं आणि बरेच जण तिथेच निर्णय करून मोकळे होतात. पण हे दोन आकडे वेगवेगळ्या मापांत आहेत. 7.1 टक्के हा पैशांत मोजलेला, म्हणजे नाममात्र दर आहे. 2 टक्के हा वस्तूंत मोजलेला, म्हणजे वास्तव दर. एक फुटात आणि एक मीटरमध्ये मोजलेल्या दोन भिंतींपैकी उंच कोणती, हे माप एक केल्याशिवाय सांगता येत नाही. इथे माप एक करण्याचं काम अमेरिकन अर्थतज्ज्ञ अर्व्हिंग फिशर यांचं समीकरण करतं:

```
(1 + i) = (1 + r) × (1 + π)
```

i म्हणजे नाममात्र दर, r वास्तव दर आणि π अपेक्षित महागाई. आपले आकडे घाला: 1.071 भागिले 1.02 म्हणजे 1.05. महागाई वर्षाला बरोबर 5 टक्के राहिली, तर दोन्ही रोखे सारखेच. या 5 टक्क्यांना ब्रेक-ईव्हन महागाई म्हणतात, आणि सगळी तुलना या एका आकड्याभोवती फिरते. आज 100 गुंतवले आणि व्याज त्याच दराने पुन्हा गुंतवत गेलो, तर 10 वर्षांनी हाती येणाऱ्या रकमेची आजच्या किमतींतली खरेदीशक्ती अशी:

| प्रत्यक्ष महागाई | साधा रोखा | जोडलेला रोखा |
|---|---|---|
| 3 टक्के | 147.7 | 121.9 |
| 5 टक्के | 121.9 | 121.9 |
| 8 टक्के | 92.0 | 121.9 |

जोडलेल्या रोख्याचा रकाना जागचा हलत नाही. साध्या रोख्याचा रकाना वरही जातो आणि मुद्दलाच्या खालीही येतो. त्यामुळे खरा प्रश्न "कोण जास्त व्याज देतो" हा नाहीच. बाजाराने 5 टक्के महागाई धरली आहे. तुमचा अंदाज त्याहून वेगळा आहे का, आणि तो चुकला तर सोसेल का, हा आहे.

बाजाराने 5 टक्के धरली असं आपण का मानायचं? समजा, उद्यापासून सगळ्यांना वाटू लागलं की महागाई 5 नव्हे, 8 टक्के राहणार, पण साध्या रोख्याचा दर 7.1 वरच थांबला. आता कर्ज घेऊन माल किंवा यंत्र विकत घेणाऱ्याची चैन आहे. त्याचा माल वर्षात 8 टक्क्यांनी महागणार आणि तो फेडणार 7.1 टक्के. वस्तूंच्या हिशेबात कर्ज फुकटाहून स्वस्त झालं, म्हणून कर्ज मागणारे वाढतात. उसने देणारा नेमका उलटा विचार करतो: पैसे या दराने देण्यापेक्षा वस्तू, जमीन किंवा जोडलेला रोखा घेतलेला बरा. मागणी वाढली, पुरवठा आटला, म्हणून दर चढतो. तो कुठे थांबतो? वास्तव दर पुन्हा 2 टक्क्यांवर येतो तिथे, म्हणजे 1.02 × 1.08 = 1.1016, अर्थात 10.16 टक्क्यांवर. महागाईची अपेक्षा 3 टक्क्यांनी वाढली आणि दरही जवळजवळ तेवढाच वाढला. हाच फिशर परिणाम: अपेक्षित महागाई आणि नाममात्र दर एकास एक चढतात. वरचे 0.06 हे वास्तव परताव्यालाही महागाईची भरपाई लागते म्हणून येतात.

हा युक्तिवाद एका गृहीतावर उभा आहे: तो 2 टक्क्यांचा वास्तव दर स्वतः महागाईने बदलत नाही. भांडवल किती उत्पादक आहे आणि लोक आजचा खर्च उद्यावर ढकलायला किती तयार आहेत, यावर तो ठरतो. पैशाचं माप दरवर्षी किती आखडतं, याचा या दोन्ही गोष्टींशी दीर्घकाळात फारसा संबंध नाही. थोड्या काळात मात्र असतो. मध्यवर्ती बँक अल्पकालीन दर स्वतः ठरवते, किमती आणि मजुरी हळू बदलतात आणि लोकांच्या अपेक्षा त्याहूनही हळू. म्हणून "एकास एक" हे दीर्घकाळाचं विधान आहे. पुढच्या सहा महिन्यांचा अंदाज त्यावर बांधू नये.

अपेक्षा किती हळू हलतात, हे स्वतः फिशर यांनी अशाच रोख्यांच्या जोडीवर तपासलं होतं, आणि मला त्यांच्या कामातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या बाजारात हिंदुस्थान सरकारचे दोन प्रकारचे रोखे विकले जात. एकाचं व्याज सोन्यात, दुसऱ्याचं रुपयांत, म्हणजे चांदीत. कर्जदार एकच, बाजार एकच, फरक फक्त मापाचा. 1875 ते 1892 या काळात रुपया सुमारे 22 पेन्सवरून 15 पेन्सपर्यंत घसरला, म्हणजे वर्षाला साधारण 2.3 टक्के. समीकरण काटेकोर पाळलं गेलं असतं तर रुपयाच्या रोख्याचा दर सोन्याच्या रोख्यापेक्षा तेवढाच जास्त असायला हवा होता. प्रत्यक्षात सरासरी फरक 0.7 टक्के निघाला. दिशा बरोबर होती, माप तोकडं पडलं. ही घसरण इतकी लांबेल हे गुंतवणूकदारांनी धरलंच नव्हतं. दरात शिरते ती अपेक्षित घसरण. अनपेक्षित घसरण रोखेधारकाच्या खिशातून जाते. आपल्या जोडीतला साधा रोखा म्हणजे हा चांदीचा रोखा.

म्हणून माझा कल असा. ज्याला पुढे ठरावीक पैशांचंच देणं फेडायचं आहे, त्याने साधा रोखा घ्यावा. त्याचं देणंही पैशांतच मोजलेलं आहे, महागाई दोन्हीकडे सारखीच लागते. ज्याला पुढे घरखर्च चालवायचा आहे, त्याला जोडलेला रोखा बरा, ब्रेक-ईव्हन त्याला किंचित जास्त वाटला तरी. तसाही तो आकडा शुद्ध अपेक्षा नसतो. महागाईच्या जोखमीचा मोबदला म्हणून साध्या रोख्याचा दर थोडा फुगतो, तर जोडलेले रोखे सहज विकले जात नसतील तर त्यांचा दर चढतो आणि ब्रेक-ईव्हन खाली ओढला जातो. 2008 च्या संकटात अमेरिकेच्या जोडलेल्या रोख्यांबाबत हेच झालं.

एक गोष्ट मात्र दोन्ही रकान्यांना कुरतडते: कर. कर सहसा नाममात्र व्याजावर लागतो. कराचा दर 30 टक्के असेल तर 7.1 पैकी 4.97 हाती राहतात आणि 5 टक्के महागाईत वास्तव परतावा जवळजवळ शून्य होतो. महागाई 8 आणि दर 10.16 झाला की हाती 7.11 राहतात, म्हणजे वर्षाला जवळपास 0.8 टक्क्यांचा तोटा. दर महागाईबरोबर एकास एक चढूनही बचतदार मागे पडला. करानंतरचा परतावा टिकवायचा तर महागाईच्या प्रत्येक टक्क्यामागे दर सुमारे 1.43 टक्के चढायला हवा. जोडलेल्या रोख्याच्या मुद्दलवाढीवरही कर लागत असेल, तर तोही यातून सुटत नाही. उलट मुदत संपेपर्यंत हाती न आलेल्या वाढीवर दरवर्षी कर भरावा लागू शकतो. त्यामुळे वरचा तक्ता स्वतःसाठी वापरण्याआधी त्या वाढीवर कर लागतो का आणि कोणत्या वर्षी, एवढं पाहून घ्या आणि तिन्ही ओळी कर वजा करून पुन्हा मांडा.